दाविदाने न विचारलेला प्रश्न

बाप आणि मुलगा मिळून बायबल वाचायचं ठरलं की सुरुवात बहुधा चांगल्या बापांपासून होते. उधळ्या मुलाला धावत जाऊन मिठी मारणारा बाप, नाहीतर इसहाकाला घेऊन मोरियाच्या डोंगराकडे निघालेला अब्राहाम. निवड वाईट नाही, पण तिच्यात एक अडचण आहे. चांगल्या बापाचा उतारा वाचताना समोर बसलेला बाप नकळत त्याच्या बाजूला जाऊन बसतो आणि मुलाच्या वाट्याला चुकलेल्या पोराची जागा येते. दुसऱ्या बैठकीपासून मुलगा घड्याळाकडे बघायला लागतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

घरातलं वागणं, धीर आणि बापाचं घरात असणं या विषयावर बसायचं असेल तर २ शमुवेल, अध्याय १३ ते १८ हा भाग घ्यावा. यात चुकणारा बापच आहे, आणि तो साधासुधा नाही, दावीद आहे. परमेश्वराच्या मनासारखा म्हणून ज्याचं नाव घेतात तो माणूस आपल्या मुलांच्या बाबतीत काय करत नाही, हे हा भाग अगदी थंडपणे सांगतो. मुलाला इथे मोकळं बोलता येतं, कारण चुकलेला बाप समोरच्या खुर्चीत नसून तीन हजार वर्षांपूर्वीच्या यरुशलेमात आहे. समोरच्या खुर्चीपर्यंत तो हळूहळू येतोच. त्याला ओढून आणावं लागत नाही.

पाच बैठका पुरतात. आठवड्याला एक, चाळीस मिनिटांची. पंधरा मिनिटं वाचन, उरलेला वेळ बोलणं. वाचन मोठ्याने करावं आणि आळीपाळीने करावं, पण मुलाने राजाचे शब्द वाचावेत आणि बापाने मुलाचे, एवढी अदलाबदल जरूर करावी. एक कोरा कागद आणि पेन्सिल जवळ असू द्या. बापाने पहिल्या बैठकीच्या आदल्या दिवशी अध्याय ११ आणि १२ एकट्याने वाचून ठेवायचे: बथशेबा, तिचा नवरा उरीया, आणि नाथान संदेष्ट्याने दाविदाला तोंडावर सांगितलेलं पाप. ते मुलासमोर पहिल्याच दिवशी काढायची गरज नाही, पण बापाच्या डोक्यात ते ताजं हवं.

वयाचं भान मात्र ठेवायला हवं. तेराव्या अध्यायाच्या पहिल्या १९ वचनांत दाविदाचा मुलगा अम्नोन आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर बळजबरी करतो. मुलगा चौदा-पंधराच्या आतला असेल तर बापाने ते दोन वाक्यांत सांगावं आणि वाचन विसाव्या वचनापासून सुरू करावं. दहाच्या आतल्या मुलाबरोबर हा भाग घेऊच नये. त्याच्यासाठी लूकचा १५ वा अध्याय आहे.

पहिल्या बैठकीचं सगळं वजन १३:२१ या एका वचनावर आहे. दाविदाने हे सगळं ऐकलं आणि तो फार संतापला. पुढचं वचन अबशालोमाकडे, तामारेच्या सख्ख्या भावाकडे, वळतं. मुलाला इथे थांबवून एवढंच विचारायचं: “संतापल्यानंतर राजाने काय केलं, ते शोध.” तो पुढची वचनं चाळेल, मागे जाईल, आणि त्याला काहीच सापडणार नाही. बापाने घाई करू नये. हे सापडत नाही हेच त्याला सापडायला हवं, आणि ते त्याचं त्याला सापडायला हवं.

दावीद इथे बाप आहे आणि न्यायाधीशही आहे. देशभरचे लोक दाद मागायला त्याच्याकडे येतात. तामारेला अम्नोनाच्या घरी पाठवणाराही तोच होता (१३:७). अम्नोनाने आजारपणाचं सोंग घेतलं आणि बापाने ते खरं मानलं. म्हणजे ज्याला बोलायचा अधिकार होता आणि ज्याच्यावर बोलायची जबाबदारीही होती, तोच गप्प राहिला. का? आपल्या हाती असलेला इब्री पाठ कारण देत नाही. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात मात्र या वचनाला एक जोड आहे: अम्नोन ज्येष्ठ पुत्र होता, दाविदाचं त्याच्यावर प्रेम होतं, म्हणून त्याने त्याचं मन दुखवलं नाही. काही बायबलांच्या तळटीपेत ही जोड दिलेली असते. ती मुलाला वाचून दाखवावी आणि विचारावं की हे कारण पटतं का. मुलं इथे फार नेमकं बोलतात. लाडक्याला वेगळा न्याय मिळतो हे त्यांना घरात, शाळेत, सगळीकडे ठाऊक असतं.

दुसरं संभाव्य कारण अध्याय ११ मध्ये आहे आणि मुलगा थोडा मोठा असेल तर ते तोच काढेल. अम्नोनाने जे केलं त्यात बापाच्या वागण्याची सावली दिसते: एक स्त्री दिसली, हवीशी वाटली, आणि हाती असलेल्या बळाने घेतली. पुढे अबशालोम अम्नोनाला मारतो तेही स्वतःच्या हाताने नाही, चाकरांना हुकूम देऊन. दाविदानेही उरीयाला स्वतः मारलं नव्हतं. आपला सेनापती यवाब याला पत्र पाठवून त्याला लढाईच्या तोंडी उभं केलं होतं, आणि ते पत्र उरीयाच्याच हाती दिलं होतं. मुलांनी बापाची स्तोत्रं उचलली की नाही हे शास्त्र सांगत नाही, पण त्याच्या या दोन कृत्यांचं प्रतिबिंब त्यांच्या वागण्यात स्पष्ट आहे. आपणच असं केलंय तर मुलाला कोणत्या तोंडाने बोलणार, म्हणून दावीद गप्प बसला असेल का? शास्त्र तसं म्हणत नाही, म्हणून आपणही ठामपणे म्हणू नये. पण प्रश्न योग्य आहे.

बापाला याच जागी अवघडायला होतं, आणि तसं होणं बरं. घरात फोन वाजला आणि “मी नाही असं सांग” म्हटलं, तर मुलाने नंतर खोटं बोलल्यावर बापाची जीभ अडखळते. यातून दोन चुकीचे रस्ते निघतात. एक, आपण चुकलो होतो म्हणून मुलाला काहीच म्हणायचं नाही. दुसरा, आपली चूक झाकून दुप्पट आवाजात बोलायचं. दाविदाकडे तिसरा रस्ता होता. त्याने नाथानासमोर पाप कबूल केलं होतं (१२:१३), आणि ५१ व्या स्तोत्रात, जे त्याच्या शीर्षकानुसार याच प्रसंगातलं आहे, तो म्हणतो की मग मी अपराध्यांना तुझे मार्ग शिकवीन. अपराधी त्याच्या घरातच होता. कबुली दिलेला माणूस त्याला म्हणू शकला असता: मी हेच केलं, त्याचं काय झालं ते मला विचार. ते बोलणं झालं नाही.

तामारेला या बैठकीत हरवू देऊ नका. बाप-मुलाच्या अभ्यासात ती सहज हरवते, कारण दोघांचं लक्ष दाविदाकडे आणि अबशालोमाकडे असतं. सख्ख्या भावाने, अबशालोमाने, तिला घरी नेलं खरं, पण तोही तिला म्हणाला की गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे, मनाला लावून घेऊ नकोस (१३:२०). ती उद्ध्वस्त होऊन त्याच्या घरी राहिली, आणि तिचं पुढे काय झालं हे शास्त्र सांगत नाही. “तिला कोणी विचारायला गेलं का?” हा प्रश्न मुलग्यांना विचारायलाच हवा. आणि घरात खरोखरच कोणावर असा अन्याय झाला असेल तर त्यावरचा उपाय बायबल अभ्यास नव्हे. आधी त्या व्यक्तीला सुरक्षित करायचं आणि ज्यांना कळवायला हवं त्यांना कळवायचं. संताप येऊन स्वस्थ बसणं हीच तर दाविदाची चूक होती.

बैठक संपता संपता कागद काढा. एक आडवी रेघ ओढायची आणि तिचे सात भाग करायचे, एका भागाला एक वर्ष. अबशालोम अम्नोनाशी बरं-वाईट काहीच न बोलता दोन पूर्ण वर्षं राहिला (१३:२२-२३). मग मेंढरांच्या कातरणीच्या मेजवानीत त्याने अम्नोनाला मारवलं आणि गशूरला, आपल्या आजोळी, पळून गेला. तिथे तीन वर्षं. परत आल्यावर यरुशलेमात राजाचं तोंड न पाहता आणखी दोन वर्षं (१४:२८). बेरीज सात. आता या सात वर्षांत बाप अबशालोमाशी थेट काय बोलला ते मुलाने रेघेवर लिहायचं. कातरणीचं आमंत्रण द्यायला अबशालोम आला तेव्हाचं बोलणं सापडेल: नको, माझ्या मुला, आम्ही सगळे आलो तर तुला भार होईल. आणि मग: अम्नोनाने तुझ्याबरोबर का जावं? बस्स. बाकी रेघ रिकामी राहते. व्याख्यान देण्यापेक्षा ही रिकामी रेघ मुलासमोर ठेवणं बरं.

दुसरी बैठक पूर्ण चौदाव्या अध्यायाची, ३३ वचनांची. माझ्या मते पाचांतली सगळ्यात महत्त्वाची हीच, त्यामुळे तिला वेळ कमी पडला तर ती दोन आठवडे चालवावी.

यवाबाला दिसतं की राजाचं मन अबशालोमाकडे लागलंय. प्रेम होतं, याबद्दल शंका ठेवायला जागाच नाही. तकोवाची एक हुशार बाई राजासमोर कहाणी रचते आणि मुलाला परत आणायला राजा तयार होतो. मग ते विचित्र वाक्य येतं: त्याने आपल्या घरी जावं, माझं तोंड पाहू नये (१४:२४). एकाच शहरात, एकाच वेशीच्या आत, बाप आणि मुलगा दोन वर्षं राहतात आणि भेटत नाहीत. देशाबाहेरची शिक्षा संपली, पण तिच्या जागी काय आलं हे कोणी अबशालोमाला सांगितलं नाही. माफी मिळाली का? नाही. शिक्षा झाली का? तीही नाही. किती दिवस हे असं चालणार? माहीत नाही.

अबोला धरणाऱ्या बापांना हे वचन फार जवळचं आहे. मारलं नाही, ओरडलो नाही, फक्त बोलणं बंद केलं, म्हणजे आपण सौम्य वागलो असं त्यांना वाटतं. मुलाच्या बाजूने ते सौम्य नसतं, कारण त्याला शेवट नसतो. दोन आठवडे फोन काढून घेतला तर मुलगा दिवस मोजू शकतो. बापाचं तोंड काढून घेतलं तर मोजायला काहीच हाती राहत नाही.

मग मुलगा काय करतो? यवाबाला एकदा बोलावणं पाठवतो, तो येत नाही. दुसऱ्यांदा पाठवतो, तरी येत नाही. तेव्हा यवाबाचं जवाचं शेत पेटवून देतो, आणि यवाब धावत येतो. इथे बापाने एकच प्रश्न विचारायचा आणि तो विचारून गप्प बसायचं: “मी लगेच धावत येतो असं आपल्या घरात कशामुळे होतं?” मनात दहापर्यंत मोजा. उत्तर बहुतेक वेळा गुणपत्रिका, शाळेतून आलेली तक्रार, धाकट्याला मारणं किंवा दार आपटणं अशा कशाचं तरी येईल. म्हणजे शेतं. बापाने त्यावर सफाई देऊ नये. त्याऐवजी कागदावर लिहावं की गेल्या महिन्यात आगीच्या आधीची दोन बोलावणी कोणती असतील. “पप्पा, जरा बघता का” याला “आत्ता नको” म्हटलेलं, गाडीत सुरू झालेलं बोलणं फोनमुळे तुटलेलं. हे लगेच आठवत नसेल तर मुलाला विचारावं. त्याला आठवतं.

धीर हा विषय इथेच येतो, आणि गोंधळही इथेच होतो. दाविदाची सात वर्षं वरवर पाहिली तर धीराची वाटतात: घाई नाही, आदळआपट नाही, वेळ जाऊ दिला. पण वेळ जाऊ देणं आणि धीर धरणं यांतला फरक पाहायचा असेल तर लूक १५:२० शेजारी ठेवून वाचावं. तो बापही मुलाला परत आणायला दूर देशी जात नाही, वाट पाहतो. पण मुलगा दूर असतानाच त्याला दिसतो, म्हणजे त्याचं लक्ष रस्त्याकडे आहे. आणि मोठा मुलगा रुसून बाहेर बसतो तेव्हा तोच बाप मेजवानी सोडून बाहेर येतो आणि त्याची समजूत काढतो (१५:२८). धीर धरणारा बाप कुठे पाहतोय हे मुलाला कळत असतं. दाविदाचा मुलगा शहरात होता आणि बाप कुठे पाहतोय हे त्याला कळत नव्हतं.

अध्यायाचा शेवट चुंबनाने होतो. अबशालोम राजासमोर भुईपर्यंत वाकतो आणि राजा त्याचं चुंबन घेतो. मुलांना वाटतं की मिटलं. तेव्हा त्यांना विचारावं, या भेटीत कोण काय बोललं? पुन्हा काहीच नाही. तामारेबद्दल नाही, अम्नोनाबद्दल नाही, गशूरच्या तीन वर्षांबद्दल नाही. मिठी मारली की विषय संपला असं पुष्कळ घरांत मानलं जातं, आणि मिठी हवीच. पण पुढचा अध्याय बंडाच्या तयारीने सुरू होतो.

तिसरी बैठक छोटी, १५:१-१२. अबशालोम रथ, घोडे आणि पुढे धावायला पन्नास माणसं ठेवतो, आणि पहाटे उठून वेशीच्या रस्त्यावर उभा राहतो. दाद मागायला आलेल्या माणसाला तो विचारतो, कोणत्या नगराचा तू? त्याचं म्हणणं ऐकतो. तुझी बाजू खरी आहे पण राजाकडे ऐकून घेणारं कोणी नाही, असं सांगतो. कोणी वाकू लागला तर हात धरून त्याचं चुंबन घेतो. तो लबाडी करतोय हे मुलाला लगेच दिसतं. आता ते बाजूला ठेवून विचारावं की या लबाडीला तो वापरतोय काय. लवकर येणं, गाव विचारणं, ऐकणं, हात धरणं. जे त्याला सात वर्षं मिळालं नाही, तेच तो इतरांना वाटतोय, आणि लोक त्याच्यामागे जातात. घरात ऐकून न घेतलेला मुलगा ऐकून घेणारा कोणीही शोधतो, हे बापाने मुलासमोर म्हणायची गरज नाही. स्वतःच्या वहीत लिहून ठेवलं तरी चालेल. बैठकीच्या शेवटी १५:९ दाखवा: हेब्रोनला जायची परवानगी मागणाऱ्या अबशालोमाला राजा म्हणतो, शांतीने जा. बाप मुलाशी थेट बोलला ते हे शेवटचं. मुलाने तेही रेघेच्या पुढे लिहावं.

चौथ्या बैठकीत अठरावा अध्याय. अबशालोमाचं बंड इथे लढाईपर्यंत पोचलंय. लढाईचा तपशील गाळून ५, ९ ते १५ आणि २४ ते ३३ ही वचनं वाचली तरी चालतं. राजा सेनापतींना सांगतो की माझ्यासाठी त्या तरुणाशी, अबशालोमाशी, सौम्यतेने वागा. अबशालोम एला झाडात अडकतो, त्याचं खेचर खालून निघून जातं, यवाब तीन भाले त्याच्या उरात भोसकतो. एक बारीक गोष्ट: झाडात त्याचं डोकं अडकलं असं शास्त्र म्हणतं. केस अडकले ही पुढची समजूत. १४:२६ मध्ये त्याच्या केसांचं वजन दोनशे शेकेल सांगितलंय, त्यावरून ती आली असावी. मुलं हे पकडतात आणि खूश होतात. पकडू द्यावं.

इथला धोका निराळा आहे. “बघ, बापाविरुद्ध गेला, झाडाला लटकला” असं एकदा म्हटलं की आधीच्या तीन बैठका वाया गेल्या. मुलगा पुन्हा आरोपीच्या जागी बसतो. अबशालोम दोषी आहे, खुनी आहे आणि राजद्रोही आहे, हे शास्त्र लपवत नाही आणि आपणही लपवू नये, पण या बैठकीत त्याचा निकाल लावायचा नाही. मुलाला १८:३३ आणि १९:४ ही दोन वचनं वाचायला सांगा आणि “माझ्या मुला” किती वेळा आलंय ते मोजायला सांगा. पहिल्यात पाच, दुसऱ्यात तीन. मग रेघेवरच्या पहिल्या नोंदीकडे बोट करा. मुलगा जिवंत असताना, समोर असताना हे दोन शब्द दाविदाच्या तोंडी किती वेळा आलेत? एकदा, आमंत्रण नाकारताना. यावर बापाने काहीही बोलू नये. काही मुलं इथे विषय बदलतात, काही हसतात. तेही उत्तरच समजावं.

पाचव्या बैठकीची सुरुवात १ राजे १:५-६ ने. दावीद म्हातारा झालाय, अंथरुणावर आहे, आणि आणखी एक मुलगा, अदोनीया, म्हणतो की राजा मी होणार. तो काय करतो? रथ, स्वार आणि पुढे धावायला पन्नास माणसं ठेवतो. मुलगा इथे मान वर करतो, कारण हे त्याने दोन आठवड्यांपूर्वीच वाचलेलं असतं. आणि मग शास्त्र जाता जाता सांगून टाकतं की “तू असं का केलंस?” असं म्हणून त्याच्या बापाने त्याला कधीच दुखवलं नव्हतं. अबशालोमाच्या मरणानंतरही नाही. दुःख खरं होतं, रडणं खरं होतं, तरी सवय बदलली नाही.

त्या प्रश्नावरच उरलेली बैठक खर्च करावी, कारण तो रोजच्या घरात वापरता येतो. समजा पंधरा वर्षांच्या मुलाने मित्राकडे अभ्यासाला जातो म्हणून सांगितलं आणि तो तिथे नव्हता. बोलणं त्याच दिवशी व्हावं. सूर्य मावळायच्या आत राग सोडा, असं इफिसकरांस पत्रात (४:२६) म्हटलंय आणि त्याचा व्यावहारिक अर्थ एवढाच की झोपायच्या आधी. दुसरं, भावंडांसमोर नको, आणि बापाने उभ्याने नको. दोघांनी बसावं. आधी पाहिलेलं सांगावं, ठरवलेलं नाही: “तू अभ्यासाला जातो म्हणालास, तू तिथे नव्हतास.” “तू खोटारडा आहेस” हे ठरवलेलं झालं. मग प्रश्न, एकदाच आणि खालच्या आवाजात: “असं का केलंस?” तीन वेळा विचारला की तो प्रश्न राहत नाही, मार होतो. मुलगा बहुधा म्हणेल, “काही नाही, असंच.” ठीक. “उद्या सकाळी परत विचारीन” म्हणा आणि सकाळी खरोखर विचारा. न विचारलेला दुसरा प्रश्न हाच पहिल्याला पोकळ करतो.

आणि तो म्हणाला की “पप्पा, तुम्ही पण तर फोनवर खोटं सांगायला लावता”, तर? बहुतेक बापांचा तोल इथेच जातो, “माझं वेगळं आहे” असं म्हणून. खरं असेल तर खरं म्हणावं: हो, सांगायला लावलं, ते चूक होतं, पुन्हा सांगणार नाही. मग पुन्हा मुलाच्या गोष्टीवर यावं, कारण बापाची चूक निघाल्याने मुलाची मिटत नाही. शेवटी परिणाम सांगायचा, त्याची तारीखही सांगायची: पुढचे दोन आठवडे बाहेर जाताना कुठे आणि कोणाबरोबर हे आधी कळवायचं, पंधराव्या दिवसापासून नेहमीसारखं. आणि त्या रात्री त्याच्याबरोबर जेवायचं, जेवताना दुसऱ्या विषयावर बोलायचं. शिक्षा चालू राहील, तोंड काढून घेतलं जाणार नाही. बापांनी मुलांना चिडवून त्यांचं मन खचवू नये असं कलस्सैकरांस पत्र (३:२१) सांगतं. चुकल्यावर शिक्षा झाली म्हणून मुलं क्वचित खचतात. जुनी प्रकरणं बाहेर काढली, चारचौघांत अपमान केला किंवा शिक्षेचा शेवटच सांगितला नाही, तर खचतात.

बाकीच्या वेळी काय, यासाठी अनुवाद ६:६-७ पुरे. मोशे चार वेळा सांगतो: घरी बसलेला असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. यांतली चारही एकदम धरू नका, दहाव्या दिवशी सुटतात. एक धरा. निजायच्या वेळची दहा मिनिटं बहुतेकांना जमतात: बापाचा फोन दुसऱ्या खोलीत, मुलाच्या खोलीत येऊन बसायचं, दिवसाचं विचारायचं, एक छोटी प्रार्थना. रोज वचन समजावून सांगायचं नाही. सहाव्या वचनात आधी म्हटलंय की या गोष्टी तुझ्या मनात असाव्यात. तू म्हणजे बाप. मुलगा गप्प असेल तर दहा मिनिटं गप्प बसून उठायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. चौदा-पंधराच्या मुलांना समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी चालत बोलणं सोपं जातं. त्यांच्यासाठी वाटेची वेळ निवडावी.

कामामुळे बाप गावाबाहेर असेल तर ठरलेल्या वेळी फोन करावा, आणि वेळ चुकणार असेल तर आधी कळवावं. मुलगा वेळेची वाट पाहत नाही असं दाखवतो, त्यावर जाऊ नये. आणि मुलगा मोठा झाला असेल, घर सोडून गेला असेल, बोलणं तुटलेलं असेल, तर पाच बैठका शक्य नाहीत. पण अबशालोमही लहान मूल नव्हता. त्याचं घर होतं, चाकर होते, शेत होतं. अशा बापाने चौदावा अध्याय एकट्याने वाचावा आणि एक पत्र लिहावं. त्यात काय घडलं ते नावानिशी असावं, आपला त्यातला भाग असावा, आणि एक प्रश्न असावा. सल्ला नसावा, उत्तराची मुदत नसावी. उत्तर आलं नाही तर महिन्याभराने दुसरं पत्र लिहावं, पहिल्याइतकंच छोटं.